आहेरातली अंगठी

सेलूजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये खरेदी माझ्याकडे आहे. रुईच्या गाठी बांधायची तार यंदा कुणाकडून घ्यायची, हे ठरायच्या आठवड्यातच बहिणीचं लग्न होतं. वर्षानुवर्षं जिनिंगला तार पुरवणारे आमचे एक काका वालूरहून मांडवात आले. त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली आणि टोपीखालून सोन्याच्या अंगठीची डबी हातात सरकवली.

"काका, टॉवेल-टोपी घेतो. अंगठी न्हाई घेता यायची."

"आहेर परत करायलास? लय मोठा साहेब झालास की!" ते मुद्दाम मोठ्यानं बोलले. चार माना वळल्या. आमच्याकडे मांडवात आहेर नाकारणं म्हणजे पाहुण्याला हाकलणंच. वडिलांनी डोळे वटारले.

मी सगळ्यांदेखत टोपी डोक्यावर घातली आणि डबी काकांच्या खिशात परत ठेवली. त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "ही घेतली, तर तुमची तार चांगली असली तरी लोक म्हणतील, अंगठीनं घेतली. अन उद्या तार तुटली, तर मला तुमाला जाबही विचारता यायचा न्हाई."

मी हाताला धरून काकांना पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. ते मान खाली घालून जेवले, पण बुंदी दोनदा मागितली.

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं आणि सगळ्या पुरवठादारांच्या तारा मालकांसमोरच ओढून बघायचं ठरवलं. काका नमुना घेऊन आले, तेव्हा मी त्यांचीच टोपी घालून बसलो होतो.