खिडकीवरचं नाव

परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मागच्या बाजूला, जिथे अॅम्ब्युलन्स उलटी घालतात, तिथे एक खिडकी आहे. नातेवाइकांनी त्या खिडकीवर कागद द्यायचे, आतल्याने ते कॉम्प्युटरवर चढवायचे, पास छापायचा आणि तो पास बघून शवागाराचा माणूस मृतदेह ताब्यात देणार. या खिडकीशी माधव परुळेकरने आपली सगळी नोकरी काढली. लालबागच्या चाळीत राहणारा, बाप गिरणीत होता, स्वतः जेमतेम बारावी. लग्नाच्या बोलण्यांत त्याचं काम सांगायला घरचे कचरत, म्हणून ‘हॉस्पिटलात ऑफिसात आहे’ एवढंच सांगून कालिंदीला आणली. तिला खरं कळलं तेव्हा ती म्हणे दोन दिवस त्याच्या हातचं पाणी प्यायली नाही. पुढे तीच शेजारपाजारी सांगत सुटली, की आमच्या ह्यांच्यासारखा माणूस त्या खिडकीवर आहे म्हणून लोकांची माणसं नीट घरी जातात.

आणि ते खोटं नव्हतं. माधवचा एक शिरस्ता होता. पास छापण्याआधी तो उठायचा, आत जायचा, हाताला बांधलेली पट्टी वाचायचा आणि नातेवाइकांपैकी एकाला तोंड बघून घ्यायला लावायचा. लोक रडत, चिडत, ‘आता कशाला उघडता’ म्हणत. हा ऐकायचा नाही. शवागारातला रघु तर गमतीने म्हणायचा, की पासवर माधवकाकांचं नाव असलं की मी डोळे मिटून कपाट उघडतो. गंमत होती ती, पण रघु खरोखरच तसं करायचा, आणि इतक्या वर्षांत ते कोणालाही वावगं वाटलं नाही.

बिघडलं ते गणपतीनंतर. ज्यावर पास निघायचे ती शवागाराची साइट नव्या सर्व्हरवर नेली. पूर्वी सकाळी आपल्या नावाने विंडोज उघडलं, की साइट आपसूक ओळखायची, आत घ्यायची. आता साइट उघडली की आधी पांढरी चौकट समोर. नाव टाका, पासवर्ड टाका. ब्राउझर बंद करून उघडला, की पुन्हा तीच चौकट. समोर बाई ऊर बडवतेय आणि आत माणूस एका बोटाने पासवर्ड शोधतोय, हे काय काम झालं?

माधवने तक्रार टाकली. आयटीतून फोन आला, पासवर्ड टाकल्यावर चालतंय का? हा सरळ माणूस, म्हणाला, चालतं. झालं, तक्रार बंद. ‘पासवर्ड टाकल्यावर साइट सुरू, वापरणाऱ्याला सांगितले.’ पुन्हा टाकली, पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मग त्याने नाद सोडला आणि पासवर्ड टाकत बसला.

त्याच्या जोडीला धनेश होता, कंत्राटावरचा. बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. कामाला वाईट नव्हता, पण घाई फार. त्याला विंडोज उघडताना आकड्यांची पिन टाकायची सवय. त्या चौकटीतही तो पिनच टाकायचा. पिन त्या मशीनपुरती, चौकटीला हवा खरा पासवर्ड, आणि तो तर हा केव्हाच विसरलेला. एका संध्याकाळी खिडकीवर गर्दी होती, चौकट परत परत येत होती, धनेश परत परत पिन मारत होता, आणि शेवटी त्याचं खातं लॉक झालं. आयटीचा फोन कोणी उचलेना. समोर एक म्हातारा हात जोडून उभा.

माधवला ते बघवलं नाही. तो धनेशच्या खांद्यावरून वाकला, चौकटीत स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा पासवर्ड टाकला आणि म्हणाला, “घे, आता म्हाताऱ्याला मोकळं कर.” एवढं करून तो पट्टी बघायला आत गेला. त्याच्यामागे ब्राउझरने विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का. धनेशने ‘हो’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी धनेशचं खातं सुरू झालं. पण त्याच्या मशीनवर चौकट यायची ती आता भरलेलीच, माधवचं नाव आणि पासवर्डाचे ठिपके. एक एंटर मारला की आत. कोण कशाला खोडतंय? त्या दिवसापासून धनेशने छापलेल्या प्रत्येक पासवर नाव येत राहिलं माधव परुळेकरचं. माधवला याची गंधवार्ता नव्हती. धनेशला होती, पण त्यात काही बिघडतंय असं त्याला वाटलं नाही. खोटं कशाला बोला, वाटलं असतं तरी त्याने काही केलं असतं असं नाही.

मग तो शनिवार. माधव दुपारीच घरी गेला होता, कालिंदीचे डोळे दाखवायचे होते. शवागारात दोन म्हाताऱ्या बायका होत्या. एक नायगावची आजी, आणि दुसऱ्या फिलोमिना परेरा, माझगावच्या. साइटवर दोघींच्या ओळी एकाखाली एक. नायगावची माणसं आली, घाईत होती, अंधार पडायच्या आत न्यायचं होतं. धनेशने चुकीची ओळ निवडली. आत जाऊन पट्टी बघितली नाही. पास छापला. नातेवाइकांनी कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, त्या वेळी कोण वाचतं?

रघु नुकताच पाळीवर आला होता, माधव दुपारीच घरी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पास घेतला. धनेशचं नाव असतं तर त्याने कापड बाजूला केलं असतं, हे तो नंतर शपथेवर सांगत होता, आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. कारण पूर्वी धनेशच्या नावाच्या पासवर तो तसं नेहमी करायचा. पण पासवर नाव होतं माधवकाकांचं. काकांनी बघितलंय म्हणजे बघितलंय. त्याने कागदावरच्या नंबराचं कपाट उघडलं आणि आधीच तोंडासकट घट्ट बांधून ठेवलेली फिलोमिनाबाई नायगावच्या लोकांच्या हवाली केली. त्यांनी ती कापड न सोडता तशीच स्मशानात नेली आणि आपल्या आजीचे सगळे संस्कार तिच्यावर केले.

रविवारी सकाळी फिलोमिनाबाईंची मुलगी रेजिना आली. चर्चमध्ये वेळ ठरलेली, तिच्या वडिलांच्या थडग्याशेजारची जागा खणून ठेवलेली. माधव ड्यूटीवर होता. शिरस्त्याप्रमाणे तो तिला आत घेऊन गेला, कापड बाजूला केलं आणि ती म्हणाली, ही माझी आई नाही.

नायगावला फोन माधवनेच केला. दुसरं कोणी करायला तयार नव्हतं. तिकडे मुलाने उचलला. तो म्हणाला, आताच चौपाटीवरून आलो, अस्थी सोडल्या. मग माधवने त्याला सांगितलं. पलीकडे त्याने ते घरच्यांना सांगितलेलं ऐकू आलं. मग मागे कोणी बाई किंचाळली आणि फोन कट झाला.

शंतनु म्हणून एक आयटीतला पोरगा आला, चौकशी सुरू व्हायच्या आधी सगळं तपासायला. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. साइटचा पूर्वीचा पत्ता म्हणे नुसता एक शब्द होता, मध्ये टिंब नसलेला. असा पत्ता ब्राउझर घरचा समजतो आणि विंडोजची ओळख परस्पर देतो. नवा पत्ता टिंबाटिंबांचा. तो त्याला बाहेरचा वाटतो, म्हणून ओळख देत नाही आणि चौकट दाखवतो. नवा पत्ता विश्वासाच्या यादीत घालून सगळ्या मशीनवर एकदम पाठवायचा, एवढंच करायचं होतं, ते राहून गेलं. “तुमच्या दोन तक्रारी बघितल्या, काका,” शंतनु म्हणाला. सोमवारी त्याने ते करून टाकलं. चौकट गेली. धनेश बसला की साइटवर आपोआप धनेशचं नाव.

चौकशीला आस्थापनेचे अधिकारी, एक डॉक्टरीणबाई आणि ट्रस्टचे एक वकील बसले. शंतनुने दाखवलं, की पास निघाला तेव्हा मशीन धनेशच्या नावाने उघडलेलं होतं. म्हणजे माधव सुटायला हरकत नव्हती. वकिलांनी त्याला जवळजवळ वाटच दाखवली. पासवर्ड धनेशने तुमच्या नकळत मिळवला, असं असू शकतं ना परुळेकर? तुम्ही तेवढं म्हणा. बाहेर बाकड्यावर धनेश बसला होता, पाय हलवत, मोबाइलवर बायकोला काहीबाही लिहीत.

आदल्या संध्याकाळी कालिंदीने माधवला हेच सांगितलं होतं. “तुमका कोणी सांगितलेला त्याचा भला करूक? म्हणा, चोरल्यान. आपल्या तोंडात माती घालून दुसऱ्याक कित्याक वाचवतात?” माधवला ती चुकीची वाटली नव्हती. त्यालाही नोकरी हवी होती. त्याहून जास्त, त्याला त्याचं नाव परत हवं होतं.

पण वकिलांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चोरला नाही साहेब. मी माझ्या हाताने टाकला.” मग त्याने पुढचं सांगितलं. “रघुने कापड उघडलं नाही, कारण त्याने माझं नाव वाचलं.”

निकाल लागला तो असा. धनेशचं कंत्राट संपलं. रघुला ताकीद. आणि पासवर्ड देणं म्हणजे सहीचा कोरा कागद देणं, या कलमाखाली माधवची सेवा समाप्त. तक्रार बंद करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. येणार तरी कसं, त्याने नियमाप्रमाणे फोन करून विचारलं होतं ना!

माधव कपाटातला डबा आणि चष्मा घेऊन निघाला, तेव्हा मागच्या दारात रेजिना उभी होती. तिला निकाल कळला होता. त्याला वाटलं ही आता शिव्या घालेल, आणि तिने घालाव्यात असंही त्याला वाटत होतं. त्याने हात जोडले. तिने ते बघितलेही नाहीत.

“तुम्ही खरं बोललात, डॉक्टरबाईंनी सांगितलं,” ती म्हणाली. “पाद्रीबाबा रोज विचारतात मला. तो खड्डा अजून उघडाच आहे, पपाच्या बाजूला. त्यात मी काय ठेवू, ते सांगा.”

माधव तिथेच खालच्या पायरीवर बसला. ती उत्तरासाठी थांबली.