मैनाताईंच्या आईची गाणी

मैनाताई आणि मी चिंचणीहून डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला पायी निघालो होतो. चारोटी जवळ आली तरी मैनाताईंचं लक्ष मोबाईलमध्येच होतं. सुकी मासळी विकणाऱ्या मैनाताई म्हाताऱ्या आईची देवीगीतं चॅनलवर टाकतात. “आज कोणी ऐकलं?” असं आई रोज विचारते, आणि ऐकणारे जेमतेम दहा.

“#भक्ती, #देवी असे हॅशटॅग लावलेत की!” त्या म्हणाल्या.

“त्यात लाखो व्हिडिओ आहेत, ताई. ते दोन राहू द्या, सोबत #डहाणूमहालक्ष्मीयात्रा आणि #चिंचणी घाला. शब्दांमधे जागा सोडू नका, हॅशटॅग तुटतो,” मी म्हटलं.

“एवढंसं नाव कोण शोधतंय?”

“ज्याला यंदा यात्रेला येता आलं नाही तो.”

त्यांनी उभ्याउभ्याच टाकलं. दहा पावलांवर पुन्हा फोन उघडला.

“माझा फोन मला माझंच दाखवतो. तू देवीकडे माझ्यासाठी काही मागू नको गं. घरी गेलीस की तुझ्या फोनात शोध, आई दिसते का सांग.”