नववी लेव्हल आणि आप्पांचा फोन

कळंबला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, धान्याच्या अडत दुकानाच्या माळ्यावर बसून मी एक मोबाईल गेम बनवला. पडद्यावर धान्य येतं, ते बोटानं ओढून योग्य पोत्यात टाकायचं. नवव्या लेव्हलला मालदांडी आणि हायब्रीड ज्वारी वेगळी करायची. ती लेव्हल आप्पांची, कल्पनाही त्यांची. तपासायला दिली तर हमाल, मुनीम सगळ्यांनी आपापल्या फोनवर ती चुटकीसरशी पार केली. आप्पा म्हणाले, "लई सोपं हाय. पोरखेळ."

पुण्याची एक कंपनी गेम घ्यायला तयार होती, पण लोक पुढं खेळत राहिले तरच. गेम लोकांसाठी खुला होताच त्यांच्या फोनवरून माझ्याकडं नोंदी येऊ लागल्या: लेव्हल सुरू, लेव्हल हरली, लेव्हल पूर्ण. आठवीपर्यंत सगळं सुरळीत. नववीत मात्र बहुतेकांची एकच कथा. सुरू, हरली, हरली, आणि मग काहीच नाही. माणूस गेला तो गेलाच.

मी शहाणी. वेळ कमी पडत असेल म्हणून वेळ वाढवला. आकडा जागचा हलला नाही. मग हरल्याच्या नोंदीत कारणही पाठवायला लावलं: वेळ संपला की चुकीचं पोतं. नव्या आवृत्तीत जवळजवळ सगळीकडं चुकीचं पोतं. डोक्यावर हात मारून घेतला. जन्मभर ज्वारी बघणाऱ्यांकडून मी गेम तपासून घेतला होता! बाकी जगाला ज्वारी ती ज्वारीच.

आप्पांना सांगितलं तर ते उसळले. "ज्याला ज्वारी वळखंना त्यानं खेळूच न्हाय. माझी लेव्हल बदलायची न्हाय."

दुकानातल्या ज्या फोनांवर गेम तपासला, ते मी आकड्यांतून नेहमी वगळते. नववी फक्त बाजारातल्या लोकांनाच सोपी जाते, हे आप्पांना दाखवावं म्हणून ते परत आकड्यांत घेतले. सगळे पास. एक सोडून. त्या फोनवर नववी पंधरा वेळा हरलेली, प्रत्येक वेळी चुकीचं पोतं, आणि पूर्ण एकदाही नाही. फोन आप्पांचा होता.

मला राग आला, मग भीती वाटली. आप्पांना न विचारताच दाणे मोठे केले, पहिल्या काही दाण्यांवर नाव लिहिलं, दोनदा हरलं की बरोबर पोतं उजळेल असं केलं. वाढवलेला वेळ परत कमी केला. आठवड्याभरात नववीची गळती आठवीइतकीच झाली.

नवी आवृत्ती आप्पांच्या हातात दिली. पहिल्याच खेपेला पार.

"आता दिसतंय," ते म्हणाले.

"आन् दुकानात, आप्पा?"

त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवला. "दुकानात हाताला कळतंय. दाणा चोळला की समजतं. काचंवर काय चोळू?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं."

वाद घालतील म्हणून मी तयारीत होते. आप्पा म्हणाले, "गाडी तू चालव. मला समोरचं दिसत न्हाय."