स्रोत : तत्रैव

जिल्हा फुटून दोन झाल्यानंतर आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांतले तक्ते संगणकावर आणायला घेतले. त्यात मोहाडीच्या एका निवृत्त गुरुजींच्या पुस्तकातला गावतलावांचा तक्ता होता. एकेका तलावावर सायकलने जाऊन त्यांनी तो जमवला होता. परवानगी मी त्यांच्याकडून लेखी घेतली. अट एकच होती, खाली पुस्तकाचे नाव आणि पान द्यायचे. मी यादीत ‘परवानगी’पुढे खूण केली, आकडे दोनदा ताडले आणि तक्ता जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवला, खालच्या ‘स्रोत : तत्रैव’सकट. तत्रैव म्हणजे आधी सांगितलेलेच. पुस्तकात ते, म्हणजे गुरुजींची स्वतःची पाहणी, आदल्या पानावर होते. आमच्या संकेतस्थळावर आदले पानच नव्हते.

दोन वर्षांनी गुरुजी आले.

“मॅडम, हा तत्रैव मोठा मानूस दिसते. माहे सारे तलाव त्याच्या नावावर गेले.”

त्याच दिवशी मी ओळ दुरुस्त केली. पण तोवर काही अहवालांत तक्ता आमच्या ग्रंथालयाच्या नावाने छापला गेला होता. मी सगळ्यांना पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही.

गुरुजी मात्र दुसऱ्याच कामासाठी आले होते. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तक्ता घ्यायला, ते अहवाल पाहून, प्रकाशक त्यांच्याकडे आमची परवानगी मागत होता. तक्ता यांचा, हक्कही यांचाच, असे मी लिहून दिले. त्यांनी कागद वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

“राहू द्या. माहाच तक्ता माहा हाय म्हनून कोनाकोनाले दाखवू?”

नव्या आवृत्तीत तलावांचा तक्ता नाही.