टिंब ठेवणाऱ्या बाई

बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सगळ्यांच्या त्या टिंबबाई. वय एकसष्ट. इथे येण्याआधीची अठ्ठावीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. छापखाना बंद पडला आणि बाई इथे आल्या. न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं आवाजात करून देणारं हे ग्रंथालय. पूर्वी माणसं वाचायची, सहा वर्षांपासून यंत्र वाचतं.

यंत्राला वाचायला शिकवणं वाटतं तितकं अवघड गेलं नव्हतं. चहातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा. जिभेतला ज वेगळा आणि जखमेतला ज वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच. आपण तोंडानं आपोआप फरक करतो, कुणी शिकवल्याचं आठवत नाही. यंत्राला एक मोठी यादी दिली, कुठल्या शब्दात कुठला च आणि कुठला ज ते सांगितलं, आणि काम भागलं. अडलं ते चाळीसएक शब्दांपाशी. हे शब्द लिहायचे एकसारखे, उच्चारायचे दोन तऱ्हांनी, आणि अर्थ दोन. खिडकीचा गज आणि हत्ती म्हणजे गज. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण म्हणजे जरा. यादीत एकाच उच्चाराला जागा, म्हणून नेहमीचा घातला. दुसरा अर्थ जिथे असेल तिथे बाईंनी छापील पानावर त्या अक्षराखाली पेन्सिलीनं टिंब ठेवायचं. पान स्कॅनरमधून जायचं, यंत्र टिंब ओळखायचं आणि दुसरा उच्चार करायचं.

बाईंचं टिंब देखणं होतं. ब्लेडनं टोक काढलेली पेन्सिल, मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपका, अक्षराला न चिकटता बरोबर त्याच्या पोटाखाली. छापखान्यातली सवय. मोठं टिंब म्हणजे त्यांना फाटक्या तोंडाचा माणूस वाटे.

त्या सोमवारी ग्रंथपालांनी त्यांना आत बोलावलं. खुर्चीवर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक, नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेलेले. यंत्रानं वाचलेलं प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्याआधी तेच ऐकायचे, तेही दीडपट वेगानं.

“बीजगणित ऐकलं,” मास्तर म्हणाले.

“कसं झालंय?”

“यंत्र क्षला हाकलून देतंय. ‘क्ष हा चल मानू’ असं पुस्तकात आहे ना? यंत्र म्हणतं, क्ष हा, चल, मानू. बदलणारी राशी राहिली बाजूला, ‘चल, ऊठ, नीघ’मधला चल करून ठेवलाय.”

ग्रंथपाल हसले. बाईंना हसू आलं नाही.

“आणि पुढे,” मास्तर म्हणाले, “एका जगात दोन लिटर पाणी मावते, तर असे पाच जग भरायला किती पाणी लागेल? मी म्हटलं, पाच ब्रह्मांडांना पुरेल एवढी तहान मला नाही लागलेली.”

“म्हणजे माझं टिंब राहिलं,” बाई म्हणाल्या.

“एक नाही. पहिल्या चार प्रकरणांत त्रेसष्ट वेळा चल आला. जवळजवळ सगळे चुकलेत.”

ग्रंथपाल चांगला माणूस होता. म्हणूनच त्यांना बोलणं जड जात होतं. “बाई, सोळा मुलं या पुस्तकाची वाट बघताहेत. शुक्रवारी द्यायचंय. तुम्हाला हल्ली त्रास होतो का... म्हणजे डोळ्यांचा? कुणी तरुण माणूस मदतीला घ्यावा असं मनात होतं.”

मदतीला म्हणजे काय, हे बाईंना छापखान्यात शिकायला मिळालं होतं. मदतीला येणारा आधी शेजारी बसतो आणि मग खुर्चीत.

“बघते,” एवढंच त्या म्हणाल्या.

बघायचं काय ते सोपं होतं. टिंब लावलेली मूळ प्रत कपाटात खालच्या फळीवर होती. काढायची, उघडायची, टिंबं आहेत का बघायचं. दोन मिनिटांचं काम. बाई कपाटापर्यंत गेल्या, कुलूप काढलं, प्रतीवर हात ठेवला आणि कपाट पुन्हा लावून टाकलं.

कारण हे होतं की गेले चार महिने त्यांना संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसत होतं. सुईत दोरा ओवायला त्या नवऱ्याला सांगू लागल्या होत्या आणि तो म्हणाला होता, “आता मीच शिवू का?” त्यांनी ते हसण्यावारी नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, पण गेलं की कळणार, आणि कळलं की संपलं. प्रत उघडली आणि त्रेसष्ट चलांखाली कोरा कागद दिसला तर? आपण टिंब ठेवलंय असं वाटलं आणि पेन्सिल हवेतच फिरली असेल तर?

मंगळवार गेला. बाईंनी दुसऱ्या पुस्तकाचं काम केलं. प्रत्येक टिंब ठेवून झाल्यावर बोटानं चाचपून बघितलं, जणू पेन्सिल कागदावर उमटलेली हाताला कळणार होती. घरी नवरा म्हणाला, “जेवणात लक्ष नाही तुझं. काय झालंय?”

“काही नाही हो. पुस्तक अडलंय.”

“पुस्तक अडलं की तू अडलीस?”

“तुम्ही जेवा.”

बुधवारी दुपारी मास्तर स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. काठी खुर्चीला टेकवली, खिशातून ब्रेलची टिंबं उठवलेला जाड कागद काढला.

“तुमचं आणि माझं काम एकच आहे, बाई. तुम्ही टिंबं काढता, मी टिंबं वाचतो. जरा ऐका माझी टिंबं.” बोटं कागदावरून फिरू लागली. “पहिल्या पानापासून सदतिसाव्या पानापर्यंत एकही चल बरोबर नाही. अडतीस ते चाळीस, तीन पानांत सात चल. सगळे बरोबर. एक्केचाळीसपासून पुन्हा सगळे चूक.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. थकलेला माणूस इकडे एक, तिकडे दोन असा चुकतो. इतक्या शिस्तीत कुणी चुकत नाही. ही डोळ्यांची चूक नाही वाटत मला.”

बाईंनी कपाटाकडे बघितलं.

“प्रत बघितलीत?”

“नाही.”

“का?”

“वेळ झाला नाही.”

मास्तरांनी कागद खिशात ठेवला. “बाई, मला दिसत असतं तर मी सोमवारीच बघितलं असतं. तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही बघत नाही. हे काय आहे?”

बाईंना राग आला. रागानंच त्या उठल्या, कपाट उघडलं, प्रत टेबलावर आपटली आणि नववं पान काढलं. ‘क्ष हा चल मानू.’ चच्या खाली, पोटाच्या बरोबर मध्ये, मोहरीहून बारीक टिंब. पुढचं पान. टिंब. चौदावं पान, पाण्याचा जग, त्याच्याही खाली टिंब. बाई पानं उलटत राहिल्या. टिंबं जिथल्या तिथे होती, ओळीनं, शहाण्या मुलांसारखी.

“आहेत,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. “आहेत हो मास्तर. सगळी आहेत.”

“अडतीस बघा.”

अडतिसावं पान. इथली टिंबं वेगळी होती: जाड, ओबडधोबड, अक्षराला चिकटलेली. बाईंना आठवलं. त्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं, ब्लेड सापडेना, म्हणून तीन पानं ग्रंथपालांच्या टेबलावरच्या बोथट पेन्सिलीनं केली होती आणि मनातल्या मनात लाजल्या होत्या.

दोघं स्कॅनरच्या खोलीत गेले. ऑपरेटर ही तिशीतली, कामात चोख मुलगी. स्कॅनर महिन्याभरापूर्वी नवा आलेला, बीजगणित हे त्याच्यावरचं पहिलंच पुस्तक.

“काही वेगळं केलंस का गं या पुस्तकाला?” बाईंनी विचारलं.

“वेगळं नाही. कागद जुना, सगळीकडे तांबूस ठिपके. यंत्राला ते अनुस्वार वाटायचे. ‘पाया’चं ‘पांया’ व्हायला लागलं. मग मी ‘डाग काढा’ सुरू केलं. सुटे बारीक ठिपके ते आपोआप पुसतं. एकदम स्वच्छ पानं आली, काकू, बघा.”

तिनं पडद्यावर नववं पान दाखवलं. खरंच स्वच्छ होतं. चच्या खाली काहीही नव्हतं. मग तिनं अडतिसावं पान काढलं. जाड टिंबं अक्षराला चिकटलेली, त्यामुळे यंत्रानं त्यांना डाग मानलंच नव्हतं.

ऑपरेटरनं पडद्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या प्रतीकडे, आणि हात तोंडावर नेला. “अगं बाई! मी तुमची टिंबं पुसली?”

“माझी नाही पुसलीस. कागदावर आहेत ती.” बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच मोकळा वाटला. “आणि अनुस्वाराचं तुझं बरोबर होतं.”

“आता काय करायचं?”

“टिंबं जाड करते. चिकटवते अक्षराला. दिसायला घाण दिसतील.”

“मला चालतील,” मास्तर म्हणाले. “मला तशीही दिसत नाहीत.”

बुधवारची संध्याकाळ आणि सगळा गुरुवार बाई बोथट पेन्सिल घेऊन बसल्या. जुन्या प्रत्येक टिंबावर नवं, जाड. वाईट दिसत होतं, पण हात चालत होता. ग्रंथपाल एकदा डोकावले, काहीतरी बोलायला म्हणून घसा साफ केला आणि म्हणाले, “मदतीचं राहू दे मग सध्या.”

“सध्या राहू दे,” बाई म्हणाल्या.

गुरुवारी घरी जाताना त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. आता भीती वाटत नव्हती असं नाही, पण जाता येत होतं. डॉक्टरनं उजेड टाकून बघितलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, वर्षभर तरी घाई नाही, तोवर चष्म्याचा नंबर बदला. “करायचं आहे ते साधं ऑपरेशन आहे.” बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी नवऱ्याला दाखवला. त्यानं तो वाचला आणि म्हणाला, “चष्म्यानं भागत होतं म्हणजे चार महिने दोरा मी ओवला तो फुकटच तर.”

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी रात्री पुन्हा स्कॅन केलेलं पुस्तक ऐकून संपवलं. बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. मास्तरांनी कानावरचा हेडफोन काढला, कागदावरची टिंबं चाचपली.

“दोनशे बारा जागा होत्या.”

“किती चुकल्या?”

“तीन. सव्वीस, एकसष्ट आणि एकशे दहावं पान.”

बाईंनी प्रत उघडली. तिन्ही ठिकाणी खरंच टिंब नव्हतं. नव्हे, कधी ठेवलंच नव्हतं. इकडे एक, तिकडे दोन.

“तीनच!” त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या. बोथट पेन्सिल उचलून त्यांनी तीन टिंबं ठेवली आणि तीन पानं घेऊन स्कॅनरच्या खोलीकडे निघाल्या.