बाबांच्या एका वाक्याचं रील

लकवा मारला तेव्हापासून बाबा घराबाहेरच्या माणसाशी बोलेनासे झाले. जीभ अडखळते, लोकं हसतील, ही धास्ती. पांढुर्ण्याच्या आमच्या संत्र्याच्या नर्सरीत गिऱ्हाईक दिसलं की हा माणूस मागच्या वाफ्यांकडे निघून जायचा. मला ते बघवत नसे.

नर्सरीचं इन्स्टाग्राम मी सांभाळते. 'कलम घेताना-लावताना काय पाहाल?' असं सात चित्रांचं, बोटाने सरकवत वाचायचं कॅरोसेल मी केलं होतं. मजकूर बाबांनीच थांबत थांबत सांगितलेला. खूप लोकांनी ते सेव्ह करून ठेवलं, म्हणून त्याचंच छोटं रील आणि एका चित्राची पोस्ट करायची ठरवली. रीलमध्ये बोलायचं बाबांनी. मी हट्टालाच पेटले होते.

आणि केला काय शहाणपणा? सातही चित्रांचा मजकूर जसाच्या तसा संवाद म्हणून कागदावर उतरवला. 'पुढे सरकवा'सुद्धा तसंच राहिलं!

बाबा दुसऱ्या वाक्यालाच अडकले. मी चिडले, "बाबा, नीट वाचा न!"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "जमत नाही मले. तूच बोल."

बापावर ओरडले मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कागद घेऊन बांधावर बसले. कॅरोसेलमध्ये वाचणारा हवा तिथे थांबतो, मागे जातो. रील कोणासाठी थांबत नाही. शिवाय जे दिसतं ते बोलायचं कशाला? सरळ खोड, निरोगी पान, जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरलेला डोळा, म्हणजे कलमाचा जोड, हे सगळं बाबांचा हात दाखवेल, वर दोन-दोन शब्द लिहीन. खोडून खोडून शेवटी बोलायला एकच वाक्य उरलं. तेच सगळ्यात आधी ठेवलं, म्हणजे बघणारा थबकेल.

"बाबा, एवढंच. दम घ्या, मग बोला. मी थांबून राहिली."

त्यांनी रोपाच्या बुडाशी वीत लावली, अंगठा जमिनीला, करंगळी डोळ्याला. "डोळा... मातीत... गाडू नका."

मधलं थांबणं मी कापलं नाही. कापायची माझी छाती झाली नाही. चित्राच्या पोस्टवर तीच वीत, खाली तेच वाक्य आणि नर्सरीचा नंबर. बाकी सगळं, डोळा गाडला तर बुंधा सडतो हेसुद्धा, सोबतच्या मजकुरात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोधीखेड्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "डोळा गाडू नका म्हणणारे काका आहेत का? त्यांच्याशीच बोलायचं आहे."

मी सवयीने म्हणाले, "मलाच सांगा न, भाऊ."

बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"हो... बोला," बाबा म्हणाले. मग बराच वेळ, अडखळत अडखळत, ते बोलतच राहिले.