बाबा इबिदुनचा मधला दर

आमच्या इबादान शहरात बापाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही, पहिल्या मुलाच्या नावाने मारतात. त्यामुळे अकांबी या आडनावाचे जमीनमोजणी अधिकारी निवृत्त झाले तरी आमच्या गल्लीला ते ‘बाबा इबिदुन’ म्हणूनच ठाऊक होते. इबिदुन ही त्यांची एकुलती एक मुलगी. बायको लवकर गेली. घरात बाप, लेक आणि एक जुनी दुर्बीण, जमिनीची मोजणी करायची, तिपाईवर बसवलेली.

माझं दुकान त्यांच्या घरासमोर. झेरॉक्स, टायपिंग आणि परदेशी विद्यापीठांचे फॉर्म भरून देणं, हा माझा धंदा. जीभ तिखट आहे, गिऱ्हाईक तरी टिकून आहे. बाबा इबिदुन माझ्याकडे रोज सकाळी येत आणि फुकट बसत. खुर्ची मोडली तेव्हा मात्र सुतार त्यांनीच आणला.

माणूस सरळ होता, इतका सरळ की राग यावा. चाळीस वर्षं भावाभावांच्या भांडणात हद्दीची खूण रोवली, पण बोटभर इकडे नाही की बोटभर तिकडे नाही. लोक बकरे घेऊन दारात यायचे, ते बकऱ्यासकट परत जायचे. "रेघ मधोमध गेली की कोणी कोणाचं खाल्लं नाही," हे त्यांचं बोलणं आम्ही शंभरदा ऐकलं होतं. एवढं करून त्यांनी कमावलं काय, तर शहराच्या कडेला, अकोबोला, एक प्लॉट. इबिदुनला इंग्लंडमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा तोही विकला.

फी दोन हप्त्यांत. पहिला सप्टेंबरात, दुसरा एकतीस जानेवारीला. बँकेत पौंड मागायला गेले तर फॉर्म देत, पौंड देत नसत. रस्त्यावरचे दलाल देत, पण घेताना एक दर आणि विकताना दुसरा, आणि दोन्हींमधली मलई त्यांची. मग मी बाबांना फोनवरचं ते ॲप दाखवलं.

"यात दलाल कुठे बसतो?" त्यांनी विचारलं.

"बसतच नाही. तुमच्याकडे आपला इथला नायरा आहे, पौंड हवेत. तिकडे कोणी नर्स आहे, तिच्याकडे पौंड आहेत, आईला इथे नायरा पाठवायचाय. ॲप दोघांची गाठ घालतं. ती तिचे पौंड तिकडेच ॲपकडे अडकवून ठेवते. तुम्ही नायरा इथेच तिच्या आईच्या खात्यात भरता. आईला पैसे पोचले की नर्स ‘मिळाले’ म्हणून बटण दाबते, आणि अडकवलेले पौंड इबिदुनच्या तिथल्या खात्यात सुटतात."

"म्हणजे समुद्र कोणीच ओलांडत नाही."

"कोणीच नाही. ॲप थोडी फी घेतं."

"आणि दर?"

"दलालाचा घ्यायचा दर आणि विकायचा दर, त्याच्या मधला. जवळपास."

मधला म्हटल्यावर म्हातारा खुर्चीत ताठ बसला. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी शहाणी झाले.

पहिला हप्ता तुकड्यातुकड्यांत जुळला. एवढे पौंड एकाच माणसाकडे थोडेच असतात. चार जण मिळाले. एकीच्या आईला ओगबोमोशोत छप्पर घालायचं होतं, एकाच्या थोरल्या भावाचं दफन होतं, बाकीच्या दोघांनी कारण सांगितलं नाही. दुपारपर्यंत चारही खात्यांत पैसे भरून झाले आणि संध्याकाळी इबिदुनचा फोन आला, फी भरली म्हणून. बाबांनी त्या चौघांची नावं डायरीत उतरवली. रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना केली. दफनाच्या घरी दोनशे मैल जाऊन यायचं मनात होतं, ते मी हाणून पाडलं.

"अहो, ओळख ना पाळख. तुम्ही त्यांच्याशी सौदा केलात, सोयरीक नाही."

"त्याचं काम झालं, माझं झालं. याहून जास्त ओळख कशाला हवी?"

जानेवारीच्या पाच तारखेला दुसऱ्या हप्त्यासाठी आम्ही पुन्हा ॲप उघडलं. छत्तीसशे पौंड हवे होते. मधला दर पंधराशे साठ, म्हणजे छप्पन्न लाख सोळा हजार नायरा. प्लॉटचे तेवढेच उरले होते, वर खर्चाला थोडे. पौंड विकणारे पंधराशे पंचाहत्तर मागत होते. चोपन्न हजार जास्त पडले असते, एवढंच.

"पंधरा नायरा वर कशाचे?" बाबा म्हणाले.

आणि मी, शहाणी बाई, म्हणाले, "घाई कशाला? तिकडे नर्सांचे पगार सत्तावीस तारखेच्या आसपास होतात. पगार झाला की सगळ्याजणी घरी पैसे पाठवायला धावतात. पौंड विकणाऱ्यांची रांग लागते, आणि दर आपोआप मध्यावर येतो. दर महिन्याला बघतेय मी."

हे खरंच होतं. दर महिन्याला तसंच व्हायचं. बाबांनी पंधराशे साठला आपली मागणी लावली आणि निर्धास्त झाले. मला तेव्हा कोणी थोबाडीत मारायला हवी होती.

दहा तारखेपासून नायरा घसरायला लागला. रोज सकाळी मधला दर पाच-दहाने वर. बाबांची मागणी आमच्यासारख्या घेणाऱ्यांच्या यादीत खाली खाली जात राहिली, कारण ज्याला पौंड हवेत तो प्रत्येक जण दर वाढवून बोलत होता, आणि विकणारा वरचाच उचलतो. वीस तारखेला सोळाशे चाळीस झाला.

"बाबा, मागणी वाढवा."

"मग पैसे कमी पडतील. तूच म्हणालीस ना, सत्तावीसला येतील सगळ्या."

सत्तावीस तारीख शनिवारी आली. शुक्रवारीच पगार झाले असणार. आम्ही सकाळपासून फोन मध्ये ठेवून बसलो. नायरावाल्यांची बाजू बोटाने सरकवून सरकवून संपत नव्हती. पौंडवाल्यांच्या बाजूला तिघे होते. अठराशे मागत होते, आणि बघता बघता तेही निघून गेले.

"पगार झाले नाहीत का त्यांचे?"

"झाले असतील."

"मग येत का नाहीत?"

ज्याच्या हातात पौंड होते त्याला कळत होतं, आज विकण्यापेक्षा उद्या जास्त नायरा मिळतील. तो थांबला. त्याचं काही चुकलं नाही, मीसुद्धा थांबले असते. पण सगळे एकाच बाजूला उभे राहिले की गाठ घालणारं ॲप तरी कोणाची कोणाशी गाठ घालणार?

एकतीस तारखेला बाबांनी जो दर मिळेल तो घेतला. दोन हजार. छप्पन्न लाख सोळा हजारांचे अठ्ठावीसशे आठ पौंड आले. सातशे ब्याण्णव कमी पडले. विद्यापीठाने दहा दिवस दिले. त्या दहा दिवसांत दर सव्वादोन हजारांवर गेला. बाबांनी जनरेटर विकला, टीव्ही विकला आणि शेवटी ती दुर्बीण विकली. सगळ्याचे मिळून नऊ लाख आले, म्हणजे चारशे पौंड. जवळ होतं ते खर्चाचं पोटात गेलं होतं.

तीनशे ब्याण्णव पौंड उरले.

मी उसने द्यायला गेले, तर माझ्याकडे निघाले किती, तर पन्नास पौंडांचे. तेही त्यांनी घेतले नाहीत. "माझ्या चुकीत तू नको," म्हणाले. माझ्या चुकीत, असं म्हणाले ते.

ते पैसे इबिदुनने उभे केले. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याचं काम ती करत होती. विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांची मुभा. तिने बत्तीस, कधी छत्तीस तास केले. मुदतीच्या आदल्या दिवशी फी पुरी भरली आणि बापाला फोन करून सांगितलं. बाबा आमच्या दुकानात येऊन नुसते बसून राहिले. मी त्यांच्यासाठी अमाला मागवला, तो त्यांनी चवीने खाल्ला.

मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. पगाराच्या नोंदीत तास जास्त दिसत होते. व्हिसाची अट मोडली, म्हणून प्रवेश रद्द. फी परत मिळणार नव्हती. साठ दिवसांत देश सोडायचा होता.

"परत ये," बाबा फोनवर म्हणाले.

"कशाला येऊ? प्लॉट नाही, पदवी नाही. तुमचं घर विकून तिसरा हप्ता भरणार का?"

ती आली नाही. साठ दिवस संपले. त्याआधीच एप्रिलमध्ये दर परत चौदाशेवर उतरला, तेव्हा पौंड विकायला लोकांची झुंबड उडाली होती. मी ते बाबांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतंच.

सहा महिने इबिदुनने फोन केला नाही, की केला आणि बाबांनी सांगितलं नाही, देव जाणे. माणूस वाळत गेला. रोज यायचे, बसायचे, हद्दीच्या गोष्टी मात्र थांबल्या.

ऑक्टोबरात एके दिवशी दुपारी त्यांचा फोन वाजला. बँकेचा मेसेज. तीन लाख ऐंशी हजार नायरा जमा. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, कुणी फालोदुन म्हणून. आणि शेरा होता: ‘मुलाची फी’.

"चुकून आले," बाबा म्हणाले. "परत पाठव याचे पैसे."

मी मेसेज पुन्हा वाचला. माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात इबिदुनचाच फोन आला. बाबांनी तो माझ्यासमोर, आवाज मोठा ठेवूनच घेतला.

"बाबा, नायरा आला का बघा. मी दोनशे पौंड लावले होते ॲपवर. व्हिसाचे कागद संपलेत, बँकेचं खातं अजून चालू आहे. आला असेल तर मी बटण दाबते."

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही जिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो, ती पौंडवाली आता त्यांची लेक होती. कोणाच्या तरी पोराची फी त्यांच्या खात्यात येऊन पडली होती, आणि तिच्या बदल्यात इबिदुनने म्हाताऱ्यांची अंगं पुसून मिळवलेले पौंड त्या पोराला जायचे होते.

"बाबा? ऐकताय ना? आले का?"

"आले. दाब बटण."

"दाबते. आणि अजून तीनशे आहेत माझ्याकडे. पण नायरा परत घसरतोय म्हणतात. आठवडाभर थांबते, तुम्हाला औषधाला जास्त मिळतील."

"थांबू नकोस." इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "आजच लाव. मधल्या दराला लाव. वर एक नायरा मागू नकोस. कोणीतरी मुदत मोजत बसलेला असेल."

"तुमचं नुकसान होईल, बाबा."

"अजून काय व्हायचं राहिलंय?" ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "जेवलीस का?"

ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, उठून मशीनकडे गेले. पगाराच्या तारखेपर्यंत थांबायला त्यांना मी सांगितलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.